मालवणी खानावळीच्या मालकांना दाखवायचे पाच फोटो: निवड आणि मांडणी कशी करावी?

मधुमालती

नमस्कार मंडळी. गेल्या आठ महिन्यांपासून मी पूर्णवेळ खाद्यपदार्थांची आणि दुकानातल्या वस्तूंची छायाचित्रे काढण्याचे काम करते. त्याआधी दोन वर्षे नोकरी सांभाळून हेच करत होते. दादरमधील एका जुन्या मालवणी खानावळीचे मालक ठाण्याला दुसरी शाखा काढत आहेत आणि त्यांना नव्या मेनू कार्डासाठी व घरपोच जेवणाच्या अ‍ॅपसाठी साधारण चाळीस पदार्थांचे फोटो हवे आहेत. ओळखीतून बोलणे झाले तेव्हा ते म्हणाले, "वेबसाइट वगैरे नको, पाचच फोटो पाठवा, सोमवारपर्यंत."

माझ्याकडे दाखवण्यासारखे नऊ आहेत. घरी खिडकीपाशी काढलेली रवा लावून तळलेली सुरमई, डोंबिवलीच्या एका लहान उपाहारगृहासाठी काढलेली मिसळ, चॉकलेटचा रस वाहणारा केक, धूर सोडलेले कॉकटेल, एका बारचा रात्रीचा अंतर्भाग, वरून घेतलेले स्टीलचे पूर्ण ताट, घावन घालणारे माझ्या आत्याचे हात, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा हाताने केलेला साबण आणि फुलांसह मांडलेली सकाळची न्याहारी. यांतल्या केकला सर्वांत जास्त पसंती मिळालेली आहे, म्हणून तो पहिला ठेवावा असे मनात आहे. तुम्ही कोणते पाच निवडाल आणि कोणत्या क्रमाने पाठवाल?

भूकलाडू

जेवणाच्या वेळेला हा धागा उघडला ही माझीच चूक. माझे मत सुरमईला. उरलेले आठ फोटो मी न पाहताच बाद केले आहेत.

पिक्सेलपाटील

ताई, निवड नंतर करा, आधी पार्श्वभूमी एकसारखी करून घ्या. मी एका ऑनलाइन विक्रेत्यासाठी रोज पन्नास-साठ वस्तूंचे फोटो काढतो. तिथे नियमच आहे की मागे शुद्ध पांढरा रंग हवा आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. लाकडी फळी, केळीचे पान, फुले हे सगळे काढून टाका आणि पाचही पदार्थ पांढऱ्यावर घ्या. असे फोटो पाहिले की समोरच्याला लगेच कळते की हा माणूस व्यावसायिक आहे.

जुनाफ्लॅश

पिक्सेलपाटील यांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो अ‍ॅमेझॉनवरील वस्तूच्या मुख्य चित्राचा आहे. साबण, चप्पल, मिक्सर यांच्यासाठी तो योग्य ठरतो. मालवणी जेवणाला तोच लावला तर भाताची मूद आणि तांदळाची भाकरी कडेला पांढऱ्यात विरघळून जातात, आणि तळलेल्या माशाखालचे ताट काढून घेतले की तो कोणाच्या पानातला आहे हेच कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मधुमालती ताई, तुम्ही नऊमधले सर्वांत सुंदर पाच शोधत आहात. मालकांना सौंदर्याबद्दल फारशी शंका नसते. त्यांच्या शंका वेगळ्याच असतात आणि त्या ते बोलून दाखवत नाहीत. माझ्या अनुभवात पहिली शंका अशी असते की, ही बाई माझ्यासारखे जेवण कधी काढून बसली आहे का? केक, कॉकटेल आणि बार पाहून त्यांच्या मनात हे काम वांद्र्याच्या कॅफेचे आहे, आपले नव्हे, असेच येणार. म्हणून केकला कितीही पसंती असली तरी तो काढा. ती पसंती गोड खाणाऱ्यांनी दिली आहे, मासे विकणाऱ्यांनी दिलेली नाही. पहिली सुरमईच हवी.

दुसरी शंका उजेडाची. खानावळीत वर ट्यूबलाइट असते, गल्ल्यापाशी पिवळा दिवा असतो आणि दारातून रस्त्याचा उजेड येतो. या तिन्हींचे रंग वेगळे असल्यामुळे भाताची एक बाजू हिरवट आणि दुसरी पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्स एका बाजूसाठी नीट केला की दुसरी बिघडते, आणि नंतर संगणकावर बसून ते पुरते निस्तरता येत नाही. घरच्या खिडकीपाशी काढलेल्या फोटोवरून तुम्ही हे सांभाळू शकता की नाही हे मालकांना कळत नाही. तुमची मिसळ प्रत्यक्ष उपाहारगृहात काढलेली आहे, म्हणून ती ठेवावी असे मला वाटते. फक्त एक सांगा: तिथे दिवे कसे होते आणि तुम्ही काय केलेत?

तिसरी शंका सर्वांत मोठी आहे आणि तिचे उत्तर तुमच्या नऊपैकी एकाही फोटोत नाही. चाळीस पदार्थ एकाच कार्डावर शेजारी शेजारी बसणार आहेत. तुमची सुरमई साधारण ४५ अंशांतून घेतलेली असेल, ताट वरून आहे आणि मिसळ बहुधा डोळ्यांच्या पातळीवरून. तिन्ही चांगली असतील, पण एका कार्डावर ती तीन वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखी दिसतील. एका बैठकीत, एका कोनातून, एका उजेडात काढलेले चार पदार्थ तुम्ही एका चित्रात दाखवले, तर मालकांना त्यांचे कार्ड कसे दिसेल ते डोळ्यांसमोर येईल. आज गुरुवार आहे. शनिवारी सकाळी दहा ते बारा खिडकीपाशी बसलात तर हे सहज होईल.

वारलीवेडा

मीही उपाहारगृहांसाठी काम करतो, म्हणून लिहितो. भिंतीवरच्या चित्रांचे पाच नमुने पाठवताना मी केवळ चित्राचा फोटो पाठवत असे आणि मालक नेहमी विचारत, "पण हे केवढे असेल?" मग मी चित्र टेबल-खुर्च्यांच्या वर टांगलेले असतानाचा फोटो पाठवू लागलो आणि तो प्रश्न थांबला. सुरमईचे चित्र भिंतीवर लावायचे असल्यास चौकट काळी ठेवू नये, असे माझे मत आहे.

मधुमालती

वारलीवेडा, मी भिंतीवर टांगायच्या चित्रांबद्दल विचारले नव्हते, छायाचित्रांबद्दल विचारले होते. तरीही "केवढे असेल" हा मुद्दा माझ्याही कामाचा निघाला, कारण माझ्या सुरमईच्या फोटोत आकार कळावा असे शेजारी काहीच नाही. लिंबाची फोड ठेवायला हवी होती.

जुनाफ्लॅश, मिसळीच्या वेळी डोक्यावर दोन ट्यूबलाइट होत्या आणि बाजूला दार. मी मालकांना विचारून टेबलावरची ट्यूबलाइट बंद करवून घेतली, टेबल दारापाशी ओढले आणि आतल्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला. तर्रीवर दाराची उजळ पट्टी पडत होती, म्हणून दाराला ट्रेसिंग पेपर चिकटवला. त्या दहा मिनिटांत तर्री वर आली आणि शेव मऊ पडली, म्हणून शेव दुसऱ्यांदा घालावी लागली.

जुनाफ्लॅश

मग फोटोखाली हेच एका ओळीत लिहा. शेव सोडून.

अन्नपूर्णा_पार्ले

मी विलेपार्ल्यात नवऱ्याबरोबर एक लहान खानावळ चालवते, म्हणजे ज्यांना असे फोटो येतात त्यांच्यापैकी एक आहे. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी एका मुलाने साठेक फोटोंची लिंक पाठवली होती. दुपारच्या गर्दीत मी ती उघडली, चित्रे हळूहळू उमटत राहिली, तेवढ्यात भाजीवाला आला आणि ती लिंक मी पुन्हा कधीच उघडली नाही. दुसऱ्याचे फोटो अप्रतिम होते, म्हणून त्याला बोलावले. तो सकाळी नऊला आला आणि रात्री आठपर्यंत त्याचे अठरा पदार्थ झाले. प्रत्येक पदार्थ आम्ही दोनदा, कधी तीनदा करून दिला आणि दुपारची जेवणे जवळजवळ बंद ठेवावी लागली. फोटो सुरेख आले हे मान्य, पण त्यानंतर फोटो पाहिला की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: हा काढायला किती वेळ लागला?

म्हणून माझी विनंती आहे की, फोटोखाली कॅमेऱ्याचे आकडे लिहू नका. आम्हाला त्यातले काही कळत नाही. कुठे काढला, ताट समोर आल्यापासून किती मिनिटांत काढला आणि त्यासाठी पदार्थ किती वेळा करावा लागला, एवढे लिहिलेत तर मी तो संदेश नवऱ्याला पुढे पाठवेन.

आणखी एक. मी माशाचा फोटो पाहते तेव्हा आधी तुकडीची जाडी पाहते. फोटोत जाड तुकडी आणि पानात पातळ, असे झाले की गिऱ्हाईक आमच्याशी भांडते, छायाचित्रकाराशी नाही.

पिक्सेलपाटील

पांढऱ्या पार्श्वभूमीबद्दलचे माझे म्हणणे इथे लागू पडत नाही, हे मान्य. पण चार पदार्थ एका चित्रात जोडून पाठवणे मला पटत नाही. पाच मागितले असताना आठ दाखवणे म्हणजे परीक्षेत एका उत्तराच्या जागी चार उत्तरे लिहिण्यासारखे आहे.

जुनाफ्लॅश

चार वेगवेगळ्या कामांतले तुकडे जोडले तर तुमचा आक्षेप बरोबर आहे. एकाच बैठकीतले चार पदार्थ मेनू कार्डाच्या पानासारखे मांडले, तर ते पान हाच नमुना असतो. तरीही एखाद्या मालकाला ते चलाखीचे वाटू शकते, हे मी नाकारत नाही.

नऊवार

माझे काम दुकानांचे आहे, उपाहारगृहांचे नाही, पण पाच फोटोंचा हाच प्रश्न मला दादरच्या साड्यांच्या दुकानांत पडतो. मीही सुरुवातीला पाच सुंदर साड्या दाखवत असे. एका दुकानदारांनी ते फोटो पाहिले, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि एक वांगी रंगाची पैठणी समोर टाकून म्हणाले, "ही काढून दाखवा." मी काढली, ती निळी आली. त्यांनी साडी मोबाइलशेजारी धरली आणि काही न बोलता घडी घातली. ऑनलाइन साडी विकणाऱ्यांना हीच भीती असते: गिऱ्हाईक वांगी मागवते, घरी आल्यावर ती फोटोपेक्षा वेगळी दिसते आणि साडी परत येते.

त्यानंतर मी पाचांपैकी दोन जागा अवघड गोष्टींना दिल्या. एक वांगी रंगाची साडी, जिच्यासाठी आधी त्याच उजेडात ग्रे कार्डाचा फोटो घेऊन रंग बेतला होता. दुसरा जरीच्या पदराचा, ज्यात उजेड बाजूने येऊ दिल्यामुळे जर पांढरीफटक न होता तिची वीण दिसते. जाणकार दुकानदार इतर फोटो पटापट सरकवतो आणि या दोनांवर थांबतो. मालवणी जेवणात अशी अवघड गोष्ट कोणती, हे तुम्हीच सांगू शकाल. मला तरी सोलकढी वाटते. तिचा गुलाबी रंग जरा चुकला की ती औषधासारखी दिसते.

मधुमालती

सोलकढी अवघड आहेच. पण मला खरा त्रास स्टीलने दिला. काल तुमचे प्रतिसाद वाचून ताटाचा फोटो मोठा करून पाहिला, तर आमटीच्या वाटीच्या पोटात माझी लाल ओढणी आणि कॅमेरा धरलेले दोन्ही हात स्पष्ट दिसत आहेत. हा फोटो मी वर्षभर लोकांना दाखवत आले आहे! खानावळीत सगळी भांडी स्टीलचीच आहेत, म्हणजे हा प्रश्न चाळीस वेळा येणार.

पिक्सेलपाटील

यावर सोपा उपाय आहे. भिंगावर पोलरायझर लावा आणि फिरवा, चमक निघून जाईल. मी काचेच्या बरण्यांसाठी नेहमी तेच करतो.

जुनाफ्लॅश

काचेवर निघते, केळीच्या पानावर निघते, रश्श्यावरच्या तेलावरही बरीच कमी होते. उघड्या धातूवर मात्र पोलरायझर लावून जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण काचेवरून परतणारा उजेड जसा एका दिशेला बांधला जातो तसा धातूवरून परतणारा बांधला जात नाही. मीही एकदा फोर्टातून महागडा पोलरायझर आणून स्टीलच्या तांब्यासमोर अर्धा तास फिरवत बसलो होतो. तांब्यात मी जसाच्या तसा होतो.

स्टील हा आरसा आहे. त्याची चमक काढायची नसते, त्यात काय दिसावे हे आपण ठरवायचे असते. पांढरी चादर किंवा ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा ताटाच्या वर तिरका धरा, त्याला भिंगापुरते भोक पाडा आणि त्यातून फोटो घ्या. मग वाटीत ओढणीऐवजी स्वच्छ पांढरेपणा दिसेल. तो फार सपाट वाटला तर चादरीच्या एका कडेला काळ्या कागदाची पट्टी लावा, म्हणजे वाटीच्या काठाला एक गडद रेघ येते आणि तिची गोलाई कळते. भोकाचा काळा ठिपका कुठेतरी दिसतोच, पण तो बहुधा रश्श्याच्या पृष्ठभागावर पडेल अशा बेताने जरा सरकता येते.

नऊवार यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. तुमची अवघड गोष्ट स्टीलचे ताट हीच आहे. शनिवारी ते पुन्हा काढा.

कलमबहाद्दर

कोणीच विचारले नाही म्हणून विचारतो. डोंबिवलीच्या मिसळीचा फोटो दुसऱ्या मालकाला दाखवण्याची परवानगी तुमच्याकडे आहे का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, कॅमेरा धरणारा नव्हे.

पिक्सेलपाटील

असे कसे? मी काढलेला फोटो माझाच. सगळेच आपले काम दाखवतात आणि आजवर कोणी कोणाला अडवलेले मी पाहिले नाही.

कलमबहाद्दर

अडवत नाहीत हे खरे, आणि आपल्या जेवणाचा फोटो चार ठिकाणी दिसला म्हणून बहुतेक मालक खूशच होतात. पण पहिला मालक कोण हे त्यांच्या खुशीवर ठरत नाही. पुढच्या कामापासून दरपत्रकातच एक वाक्य घालावे की, ही छायाचित्रे कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा छायाचित्रकाराला राहील. आधीच्या कामासाठी एक संदेश पाठवून "हो" असे उत्तर मिळवून ठेवले तरी तूर्त पुरेल.

मधुमालती

मिसळीचे पैसे मी घेतले होते आणि करार कसलाच नव्हता. आत्ताच त्यांना संदेश पाठवला. उत्तर आले, "दाखवा की, आमचे नाव पण टाका."

लालबागचा_उंदीर

मला एक वेगळाच मार्ग सुचतो. त्या खानावळीतूनच सुरमई पार्सल मागवावी, घरी तिचा उत्तम फोटो काढावा आणि तोच पहिला पाठवावा. आपलाच मासा इतका देखणा दिसलेला पाहून मालक दुसरीकडे जाणारच नाहीत. मी एका बेकरीसाठी असेच केले आणि काम मिळाले.

अन्नपूर्णा_पार्ले

बेकरीची खारी घरी पोहोचेपर्यंत टिकते. तळलेला मासा डब्यात झाकला की स्वतःच्याच वाफेने पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडतो, रवा सुटतो आणि तेल खाली उतरते. असा फोटो मला कोणी पाठवला, तर मला तो माझ्या स्वयंपाकघराबद्दलची तक्रार वाटेल.

लालबागचा_उंदीर

दादरलाच राहणारी मैत्रीण गाठावी, पार्सल पाच मिनिटांत घरी पोहोचते!

जुनाफ्लॅश

पाच मिनिटांत आणले तरी मालकांना न सांगता त्यांच्या पदार्थाचा फोटो काढून त्यांनाच पाठवावा की नाही, याबद्दल माझे मन साशंक आहे. काहींना ते आवडते, काहींना आगाऊपणा वाटतो. तिथे दुपारी साडेतीनला, पंगत उठल्यावर, जेवायला जाऊन मालकांना विचारूनच एक फोटो काढणे मला जास्त सरळ वाटते. पण सोमवारच्या आत ते जमेलच असे नाही.

मधुमालती

शनिवारचे काम झाले, त्याचा वृत्तांत देते. चार पदार्थ केले: तिसऱ्यांचे सुके, बांगड्याचे तिखले, कोंबडी-वडे आणि सोलकढी. खिडकीला पांढरा पडदा लावला, समोर थर्माकोल उभा केला आणि तिवईच्या पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, म्हणजे कोन बदलणार नाही. अकरानंतर समोरच्या इमारतीवरून ऊन परावर्तित होऊ लागले आणि चौथ्या पदार्थाला, म्हणजे सोलकढीलाच, पिवळी झाक आली. प्रत्येक पदार्थाच्या आधी ग्रे कार्ड धरायचे मी फक्त पहिल्या वेळी लक्षात ठेवले होते. त्यामुळे सोलकढी पुन्हा रविवारी सकाळी काढली.

ताटाला चादर धरायला भाऊ उभा होता. पाचव्या प्रयत्नात वाट्या स्वच्छ आल्या. सुरमईही नव्याने घेतली, शेजारी लिंबाची फोड ठेवून. बाजारातून आणलेली तुकडी जरा जाडच होती, तिला इलाज नव्हता.

आता माझे पाच असे आहेत: सुरमई, चार पदार्थांचे पान, मिसळ, स्टीलचे ताट आणि आत्याचे हात. हातांबद्दल मला अजून खात्री नाही. तो फोटो भावतो, पण त्यातून मालकांच्या कोणत्या शंकेचे उत्तर मिळते ते मला सांगता येत नाही.

नऊवार

मी तो काढला असता आणि साबण ठेवला असता. उद्या त्यांनी मसाल्याच्या पुड्या विकायला काढल्या तर ते काम दुसरीकडे जायला नको.

अन्नपूर्णा_पार्ले

हात ठेवा. नव्या शाखेच्या दारावर लावायला माणसाचा एखादा फोटो लागतोच, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका कॅमेरा पाहून तोंड फिरवतात. हात काढता येतात हे कळले तर बरेच.

जुनाफ्लॅश

यावर माझे ठाम मत नाही. पाठवण्याबद्दल मात्र एक सांगायचे आहे. पाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम पाठवलेत तर ते चार चौकोनांच्या एका ठोकळ्यात दिसतात, प्रत्येकाच्या कडा कापल्या जातात, चौथ्यावर अधिकचे चिन्ह आणि आकडा येतो आणि पाचवा उघडल्याशिवाय दिसतच नाही. म्हणजे तुमचे ताट आकड्याखाली जाईल आणि आत्या गायब होतील. त्यामुळे एक फोटो, मग त्याखाली अन्नपूर्णा ताईंनी सांगितलेली एक ओळ स्वतंत्र संदेश म्हणून, मग दुसरा फोटो, असे पाठवा.

पिक्सेलपाटील

आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोंचा दर्जा घसरतो.

जुनाफ्लॅश

दर्जा घसरतो हे बरोबर. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवले की बहुतेकांना फाइलचे नाव दिसते, सुरमई सहसा दिसत नाही, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस ते उघडेलच याचा भरवसा नाही. मी लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवतो, रंगांसाठी `sRGB` निवडतो आणि साधा फोटो म्हणूनच पाठवतो. `Adobe RGB` मध्ये राहिलेला फोटो काही मोबाइलवर फिका दिसतो. तुमचे तिखले त्यात उगाच आजारी वाटेल. पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर तो नखाएवढा करून पाहा. त्या आकारात मासा ओळखू आला नाही, तर अ‍ॅपच्या यादीतही तो ओळखू येणार नाही.

मधुमालती

नखाएवढ्या आकारात तिसऱ्या खडीसारख्या दिसत होत्या. चारच शिंपले वर उघडे राहतील असा, जरा जवळून घेतलेला फोटो पानात बसवला.

सोमवारी सकाळी अकराला, म्हणजे त्यांची गर्दी सुरू होण्याआधी, पाच फोटो आणि पाच ओळी पाठवल्या. सुरमईखाली लिहिले, "घरी काढलेला नमुना. ताट समोर आल्यावर सहा मिनिटांत, मासा एकदाच तळला." मिसळीखाली डोंबिवलीच्या त्या उपाहारगृहाचे नाव आणि दिव्यांची हकिकत. हातांखाली फक्त "घावन, आत्या" एवढेच, कारण दुसरे काही सुचले नाही.

काल रात्री फोन आला. चार पदार्थांच्या पानाबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत. मिसळीच्या वेळी दिवे बंद करून गिऱ्हाईक अंधारात बसले होते का, असे विचारले. फक्त एकाच टेबलावरचा दिवा बंद केला होता, असे मी सांगितले. मग म्हणाले, "सुरमईची तुकडी जाड आहे. आमची एवढी नसते, आधीच सांगून ठेवतो. गुरुवारी साडेतीनला या, दोन पदार्थ काढून बघू." त्या दोन पदार्थांचे पैसे मिळणार का, हे विचारायचे राहून गेले.

अन्नपूर्णा_पार्ले

गुरुवारच्या आधी विचारा. विचारले म्हणून आम्हाला राग येत नाही. काम झाल्यावर विचारले की येतो.

जुनाफ्लॅश

तुकडी पातळ असेल तर ४५ अंशांतून तिची कड समोर येते आणि पातळपणाच आधी दिसतो. जरा वरून, ६०-६५ अंशांतून घेतली की रव्याचा पृष्ठभाग आणि तुकडीचा पूर्ण आकार दिसतो, जाडी नजरेत भरत नाही.

अन्नपूर्णा_पार्ले

म्हणजे भांडण पुन्हा आमच्याच टेबलावर येणार.

मधुमालती

दोन्ही कोनांतून घेते आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवते. त्यांच्या कार्डावर कोणती तुकडी जाते ते त्यांनाच ठरवू दे.

भूकलाडू

दोन्ही कोनांतून फोटो झाल्यावर ती तुकडी कोणी खायची, हेही कलमबहाद्दरांना विचारून दरपत्रकात लिहून घ्या.